आवाज बदलायचा, पण कॉल बिघडू द्यायचा नाही: पिच, फॉरमंट आणि समोरच्याला नेमकं काय ऐकू जातं

कॉलवर आवाज बदलणारं ॲप सुरू केलं की समोरून हमखास तीन तक्रारी येतात: आवाज कार्टूनसारखा वाटतो, शब्द तुटतात, आणि ‘मला माझाच आवाज परत ऐकू येतोय’. पहिली तक्रार इफेक्टच्या आकड्यांमुळे येते. उरलेल्या दोन बहुतेक वेळा इफेक्ट साखळीत कुठे बसवला आहे आणि तो किती वेळ खातो, यावरून उद्भवतात. म्हणून नवं ॲप शोधत बसण्याआधी आवाजाचं आत काय होतं ते समजून घ्यावं. एकदा ते कळलं की त्याच साध्या ॲपमधून खूप बरा आवाज काढता येतो.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. साधारण १२० हर्ट्झवर बोलणाऱ्या एका पुरुषाला इंटरनेट कॉलवर आपला आवाज हलका, वरच्या पट्टीतला आणि तरीही माणसाचाच वाटेल असा करायचा आहे.

दोन वेगळ्या गोष्टी: पिच आणि फॉरमंट

स्वरतंतू सेकंदाला जितक्या वेळा उघडझाप करतात, ते आपलं पिच. प्रौढ पुरुषांचं पिच बोलताना साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ असतं आणि स्त्रियांचं १६५ ते २५५ हर्ट्झ. पण स्वरतंतूंतून निघतो तो नुसता गुणगुणाट. तो घसा आणि तोंडाच्या पोकळीतून बाहेर येताना वारंवारतेचे काही पट्टे उठावदार होतात, काही दबतात. उठावदार झालेल्या पट्ट्यांना फॉरमंट म्हणतात. ‘आ’ आणि ‘ई’ एकाच पिचवर म्हटले तरी वेगळे ऐकू येतात ते फॉरमंटमुळेच. पुरुषाच्या ‘ई’मध्ये पहिला फॉरमंट ३०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि दुसरा सुमारे २२०० वर. ‘आ’मध्ये हेच दोन साधारण ७०० आणि ११०० वर येतात.

स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी प्रौढ पुरुषात साधारण १७ सेंटीमीटर लांब असते, स्त्रीमध्ये १४ ते १४.५. नळी आखूड असेल तर सगळे फॉरमंट वर सरकतात, पण फरक पंधरा-वीस टक्क्यांचाच असतो. पिचमधला फरक मात्र त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. सगळं गणित या एका विषमतेवर उभं आहे.

ॲपमध्ये पिच सेमीटोनमध्ये मोजतात. पेटीवरच्या एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो वा पांढरी, म्हणजे एक सेमीटोन. प्रत्येक सेमीटोनला वारंवारता सुमारे ५.९५ टक्क्यांनी वाढते. बारा सेमीटोन चढलं की ती दुप्पट होते. आपल्या उदाहरणातले १२० हर्ट्झ चार सेमीटोन वर नेले तर १५१ होतात, सहा नेले तर १७०, दहा नेले तर २१४.

आता साध्या पिच शिफ्टरने दहा सेमीटोन चढवले असं समजा. पिच २१४ वर गेलं, ते ठीक. पण असा शिफ्टर फॉरमंटही तितकेच, म्हणजे १.७८ पट, वर ढकलतो. कानाला १७ सेंटीमीटरची नळी साडेनऊ सेंटीमीटरची भासते. ती लहान मुलाची नळी झाली, आणि बोलण्याची ढब मात्र प्रौढाची. कार्टून तिथे जन्माला येतं. पिच फार वाढवलं म्हणून आवाज खोटा वाटतो असा समज आहे, पण बहुतेक वेळा खोटेपणा पिचचा नसतो, पिचसोबत फुकट वर गेलेल्या फॉरमंटचा असतो.

उलट फॉरमंट जागच्या जागी ठेवून फक्त पिच दहा सेमीटोन चढवलं, तर मोठ्या माणसाने खोट्या गळ्याने बोलावं तसं ऐकू येतं. सहज वाटणारा आवाज या दोन टोकांच्या मध्ये सापडतो: पिच बऱ्यापैकी वर, फॉरमंट थोडेसेच वर.

पायरी पहिली: कॉल न लावता आकडे ठरवा

थेट कॉलवर प्रयोग करू नये. तिथे बिघाड इफेक्टचा, नेटवर्कचा की माइकचा हे कळत नाही. आधी एक वाक्य साध्या रेकॉर्डरमध्ये `mool.wav` नावाने रेकॉर्ड करा. वाक्यात अडचणीचे आवाज मुद्दाम असू द्या. मी हे वापरतो: ‘नीट ऐक, सखूच्या शाळेत साठ खिडक्या आणि तीस भिंती.’ यात लांब ‘ई’ आहे, ‘स’ आणि ‘श’ जवळजवळ आहेत, ‘ट’ आणि ‘त’चे फटके आहेत, ‘ख’ आणि ‘भ’मधला श्वास आहे. आवाज बदलताना नेमक्या याच गोष्टी आधी मोडतात.

आपलं पिच किती आहे ते प्राट या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की रेघेसारखं दिसतं. नेहमीच्या बोलण्यातली मधली पातळी धरा. उत्साहाने बोललेलं एखादं वाक्य धरू नका.

आता संगणकावर रबरबँड हे कमांड लाइन साधन असेल तर फरक कानाने तपासता येतो:

```
rubberband -p 6 mool.wav sagle_var.wav
rubberband -p 6 -F mool.wav fakt_pitch.wav
```

पहिल्या ओळीने पिच आणि फॉरमंट दोन्ही सहा सेमीटोन वर जातात. दुसरीतल्या `-F`मुळे फॉरमंट जागेवर राहतात. आपल्याला मधलं हवं आहे, त्यासाठी दोन टप्प्यांत काम करावं:

```
rubberband -p 3 mool.wav madhle.wav
rubberband -p 3 -F madhle.wav tayar.wav
```

पहिल्या टप्प्यात दोन्ही तीन सेमीटोन चढतात, दुसऱ्यात फक्त पिच आणखी तीन. हाती येतं ते पिच सहा सेमीटोन आणि फॉरमंट तीन सेमीटोन वर गेलेलं. तीन सेमीटोन म्हणजे सुमारे १९ टक्के, म्हणजे पुरुष आणि स्त्रीच्या नळीतल्या फरकाइतकंच. १२० हर्ट्झचा आवाज १७० वर जातो आणि माणसाचा राहतो. प्रत्यक्ष ॲपमध्ये पिच आणि फॉरमंट असे दोन वेगळे स्लायडर असतील तर तिथे ६ आणि ३ हे आकडे आरंभ म्हणून लावा. ॲपमध्ये एकच स्लायडर असेल तर तीन-चार सेमीटोनपलीकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिच सहाच्या जागी दहा का नको? मूळ आवाज जितका लांब ताणावा तितक्या सॉफ्टवेअरच्या चुका उघड्या पडतात. वाक्याच्या शेवटी आपला आवाज खाली उतरतो, थोडा खरखरतो. तिथे पिच ओळखणारा भाग गोंधळतो आणि खऱ्या पिचच्या दुप्पट किंवा निम्मं पिच धरतो. परिणामी ‘भिंती’मधला शेवटचा ‘ती’ एकदम उडी मारतो. अशी उडी ऐकू आली तर ॲपमधले आकडे बदलण्याआधी बोलण्याची सवय बदलून पाहा: वाक्याचा शेवट थोडा धरून, पूर्ण आवाजात म्हणा. याचा फायदा कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त होतो.

पायरी दुसरी: कॉलच्या पट्टीतून काय जातं ते तपासा

हेडफोनमध्ये छान वाटलेला आवाज कॉलवर तसाच पोहोचत नाही. कॉलमधून जितक्या वारंवारता पलीकडे जातात ती त्याची पट्टी. साध्या फोन कॉलची जुनी पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झची. एचडी व्हॉइस कॉलमध्ये ती ५० ते ७००० पर्यंत जाते. इंटरनेट कॉलमध्ये बहुधा ओपस कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवणारा भाग, असतो. त्याची पट्टी याहून रुंद होऊ शकते, पण नेटवर्क कमकुवत झालं की तोही ती अरुंद करतो.

आता ‘ई’कडे पुन्हा वळू. तिचा दुसरा फॉरमंट २२०० वर. सगळंच दहा सेमीटोन वर नेलं तर तो ३९०० वर पोहोचतो, म्हणजे अरुंद पट्टीच्या बाहेर. तो कापला गेला की उरतो फक्त पहिला फॉरमंट, तोही ३०० वरून ५३५ वर चढलेला. समोरच्याच्या कानाला ‘नीट’मधली ‘ई’ धूसर लागते, ‘नेट’ म्हटलं की काय असा भास होतो. फॉरमंट तीनच सेमीटोन चढवले तर दुसरा २६०० च्या आसपास राहतो आणि पट्टीत आरामात बसतो. फॉरमंट जपण्याचा हा दुसरा फायदा: आवाज खरा वाटतोच, शिवाय कॉलवर समजतोही.

आवाज खाली नेणाऱ्यांची अडचण उलटी असते. जड, दणदणीत आवाजाचा भारदस्तपणा ३०० हर्ट्झच्या खाली असतो आणि जुन्या पट्टीत तो पोहोचतच नाही. पिच मात्र समोरच्याला कळतं, कारण पिचच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत येणाऱ्या वरच्या स्वरांशांमधल्या अंतरावरून कान मूळ पिच स्वतः जुळवून घेतो. म्हणून राक्षसी इफेक्ट हेडफोनमध्ये थरथरवतो आणि फोनवर नुसता बसक्या घशाचा वाटतो. त्यात ‘स’चंही नुकसान होतं. ‘स’ची सळसळ साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झमध्ये असते, ‘श’ची अडीच ते चार हजारांत. सगळा आवाज पाच सेमीटोन खाली ओढला की सहा हजारांची सळसळ साडेचार हजारांवर येते आणि ‘साठ’ हा ‘शाठ’कडे झुकतो. चांगली सॉफ्टवेअर स्वरतंतू न वापरता उच्चारले जाणारे हे आवाज ओळखून तसेच सोडून देतात. तुमचं तसं करतं का, हे ‘सखूच्या शाळेत’ एवढ्याच दोन शब्दांत कळतं.

ही तपासणीही घरबसल्या होते. एफएफएमपेग या कमांड लाइन साधनाने तयार फाइल कॉलसारखी दाबून ऐका:

```
ffmpeg -i tayar.wav -c:a libopus -b:a 16k -application voip net.opus
ffmpeg -i tayar.wav -ar 8000 -ac 1 -c:a pcm_alaw phone.wav
```

पहिली फाइल अरुंद झालेल्या इंटरनेट कॉलच्या जवळ जाते, दुसरी जुन्या फोन कॉलच्या. दुसऱ्या फाइलमध्ये वाक्य समजलं तर आकडे कायम करा.

रोबोट आणि ‘दोन आवाज एकत्र’ अशा इफेक्टबद्दलही इथेच सांगतो. बोलण्यासाठी बनवलेले कोडेक असं गृहीत धरतात की एका वेळी एकच माणूस, एकाच पिचवर बोलतोय. त्या गृहीतकावरच ते इतक्या कमी बिट्समध्ये काम भागवतात. एकाच वेळी दोन पिच आले की हिशेब जमत नाही आणि आवाज चिखलासारखा होतो. कमी बिटरेटच्या कॉलवर असे इफेक्ट टाळलेलेच बरे.

पायरी तिसरी: साखळी योग्य क्रमाने जोडा

इथे सर्वात जास्त कॉल बिघडतात, म्हणून जरा थांबून पाहू.

संगणकावर नेहमीची जोडणी अशी असते: खरा माइक, मग आवाज बदलणारं सॉफ्टवेअर, मग आभासी माइक, मग कॉलचं ॲप. विंडोजवर आभासी माइकसाठी व्हीबी केबल ही आभासी केबल वापरत असाल तर सॉफ्टवेअरचं आउटपुट `CABLE Input` ला द्यायचं आणि कॉलच्या ॲपमध्ये माइक म्हणून `CABLE Output` निवडायचा. नावं उलटी वाटतात, म्हणून लोक इथे अडकतात: केबलमध्ये जे आत जातं ते तिच्या दुसऱ्या टोकाने बाहेर येतं.

आता प्रतिध्वनीची गोष्ट. कॉलच्या ॲपला माहीत असतं की त्याने स्पीकरवर काय वाजवलं. तोच आवाज माइकमधून परत येईल हे धरून ते त्याची नक्कल वजा करतं. समोरची व्यक्ती २०० हर्ट्झवर बोलली, तिचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघून तुमच्या माइकमध्ये शिरला, आणि मधल्या सॉफ्टवेअरने तो सहा सेमीटोन चढवून २८३ हर्ट्झचा केला. ॲप २०० वाला आवाज शोधत राहतं, येतो २८३ वाला. वजाबाकी होतच नाही. समोरच्याला आपलाच आवाज, तोही बदललेला, अर्ध्या क्षणाने परत ऐकू येतो. काही ॲप अशा वेळी हार मानून दोघं बोलत असताना तुमचा आवाजच दाबतात, आणि मग ‘शब्द तुटतात’ ही तक्रार येते.

उपाय साधा आहे: स्पीकर बंद, कानात हेडफोन. आवाज बदलायचा तर स्पीकरवर बोलायचं नाही, याला अपवाद एकच. इफेक्ट कॉलच्या ॲपमध्येच आणि प्रतिध्वनी काढून झाल्यानंतर लागत असेल, तर ही अडचण येत नाही.

हेडफोन शक्यतो वायरचा असावा. बहुतेक ब्लूटूथ हेडसेटचा माइक सुरू झाला की तो संगीताची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर उतरतो, आणि आवाज सेकंदाला ८००० किंवा १६००० वेळाच मोजला जातो; अशा प्रत्येक मोजमापाला नमुना म्हणतात. अशा आवाजात वरचा भाग नसतोच, त्यामुळे इफेक्टला ताणायला ऐवजच कमी मिळतो. ब्लूटूथवर ऐकायचंच असेल तर ऐका, पण माइक वायरचा निवडा.

पार्श्वभूमीचा गोंगाट काढण्याचं काम इफेक्टच्या आधी व्हावं, नंतर नाही. मागे पंखा किंवा दुसऱ्या कुणाचं बोलणं असेल तर पिच ओळखणारा भाग भरकटतो, म्हणून त्याला स्वच्छ आवाज द्यायला हवा. आणि कॉलच्या ॲपमधलं गोंगाट काढणं बंद किंवा सर्वात सौम्य ठेवा. ते साध्या माणसाच्या बोलण्याला सरावलेलं असतं, बदललेल्या आवाजाच्या कडा त्याला गोंगाट वाटतात. दोन ठिकाणी चालू राहिलं तर शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात: ‘खिडक्या’चं ‘खिडक्’.

शेवटची खबरदारी नमुन्यांच्या दराची. माइक, सॉफ्टवेअर आणि आभासी केबल सगळीकडे ४८००० ठेवा. एके ठिकाणी ४४१०० राहिलं तर रूपांतराचं एक जादा काम वाढतं आणि अधूनमधून टिक-टिक ऐकू येऊ शकते. एखाद्या टप्प्याने दर चुकीचाच समजला तर आवाज जवळजवळ दीड सेमीटोनने सरकतो. इफेक्ट बंद असूनही आवाज किंचित चढा किंवा बसका वाटत असेल तर संशय इथेच घ्यावा.

पायरी चौथी: उशीर मोजा

पिच ओळखायला सॉफ्टवेअरला आवाजाच्या निदान दोन आवर्तनांची वाट पाहावी लागते. ८० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, म्हणजे २५ मिलिसेकंद तिथेच गेले. एकदम २०४८ नमुन्यांचा तुकडा घेऊन काम करणारी पद्धत ४८००० च्या दराने प्रत्येक तुकड्यासाठी सुमारे ४३ मिलिसेकंद थांबते. हा उशीर संगणक वेगवान असला तरी टळत नाही, कारण तो आवाज पुरेसा जमा होण्याचा आहे. त्यावर माइक आणि केबलचे बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून पुढे देणारे साठे, मग कॉलचा स्वतःचा उशीर.

संभाषण सहज वाटण्यासाठी एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. नेटवर्कच शंभर खात असेल तर इफेक्टला पन्नास उरतात. त्याहून वर गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, एकदम थांबतात, आणि दोष नेटवर्कला जातो.

मोजायची पद्धत अशी. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा आवाज ऐकण्याची सोय तात्पुरती सुरू करा. हेडफोनचा एक कप फोनच्या रेकॉर्डरजवळ ठेवा आणि माइकजवळ एक टाळी वाजवा. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या ध्वनी संपादकात उघडलं की दोन टोकं दिसतील: खरी टाळी आणि हेडफोनमधली. मधलं अंतर म्हणजे उशीर. यात हेडफोनपर्यंतचा थोडा जादा वेळही आला, पण अंदाजाला पुरेसं आहे. आकडा ६० च्या वर असेल तर बफर एकेक पायरी कमी करा. मध्येच तडतड ऐकू आली की संगणकाला तेवढ्या वेळात काम उरकत नाही असं समजून एक पायरी मागे या. कमीत कमी उशीर आणि स्वच्छ आवाज यांत निवड करायची वेळ आली तर मी स्वच्छ आवाज निवडेन. वीस मिलिसेकंदांनी संभाषण अडत नाही, तडतडीने अडतं.

मोजून झालं की ती ऐकण्याची सोय बंद करा. स्वतःचा आवाज उशिराने कानात येत राहिला तर बोलणारा अडखळतो आणि लांबवून बोलू लागतो. ते नैसर्गिकच आहे, सरावाने सहसा जात नाही.

पायरी पाचवी: बिघाड कुठे आहे ते शोधा

खरा कॉल लावा आणि तेच वाक्य तीन जागी रेकॉर्ड करा: खऱ्या माइकवर, आभासी माइकवर आणि समोरच्याकडे. पहिल्या फाइलमध्येच आवाज फाटला असेल तर माइकची पातळी कमी करा. बोलताना टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावीत, कारण फाटलेला आवाज वर चढवला की अधिकच बोचतो. पहिली स्वच्छ आणि दुसरी खराब असेल तर दोष इफेक्टच्या आकड्यांत किंवा बफरमध्ये आहे. दुसरी उत्तम आणि तिसरीच खराब असेल तर इफेक्टला हातही लावू नका. कॉलच्या ॲपमधलं गोंगाट काढणं, आपोआप आवाज वाढवणं आणि नेटवर्क या क्रमाने पाहा.

मोबाइलवर मात्र यातलं बरंच करता येत नाही. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर साध्या सिम कॉलच्या आवाजात बाहेरच्या ॲपला हात घालता येत नाही. ‘कॉलमध्ये आवाज बदला’ म्हणणारी ॲप सहसा स्वतःचाच इंटरनेट कॉल लावतात. म्हणजे तुमचं बोलणं त्यांच्या सर्व्हरमार्गे जाऊ शकतं. खासगी बोलण्याआधी ते कोणत्या परवानग्या मागतंय हे पाहून घ्या.

ओळख लपवण्यासाठी हे करत असाल तर एक मर्यादा पक्की लक्षात असू द्या. ठरावीक सेमीटोनचा इफेक्ट जवळजवळ उलटा फिरवता येतो: रेकॉर्डिंग हाती आलं की सहा सेमीटोन खाली आणून ऐकणं कुणालाही जमतं. आणि पिच बदललं तरी शब्दांची निवड, थांबण्याच्या जागा, ‘च’ आणि ‘ळ’ उच्चारण्याची लकब तशीच राहते. ओळखीचा माणूस बहुधा त्यावरूनच ओळखतो.